दोनदा लॉटरी लागली, पण कुणाला?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ऑक्टोबर १९८५ मध्ये एका बाईंना सरकारी लॉटरीचं पहिलं बक्षीस लागलं. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, त्याच बाईंना त्याच राज्याच्या लॉटरीचं पहिलं बक्षीस पुन्हा लागलं. दोन्ही मिळून रक्कम सुमारे ५४ लाख डॉलर. वर्तमानपत्रांनी बातमी पहिल्या पानावर घेतली आणि सोबत एक आकडा छापला: असं घडण्याची शक्यता १७ लाख कोटींत एक.

हा आकडा आजही ऐकायला मिळतो. कुणी त्यावरून दैवाची महती सांगतं, कुणी म्हणतं की नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार. मला तो आकडा आवडतो, कारण त्याचा गुणाकार अगदी बरोबर आहे आणि तरीही तो घटनेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. हे कसं, ते आपण शेवटपर्यंत हिशेब करून पाहू. शाळेत गुणाकार आणि टक्केवारी शिकलेल्या कुणालाही तो जमेल.

आधी तो आकडा आला कुठून ते पाहू. पहिल्या वेळच्या खेळात १ ते ३९ मधले सहा आकडे निवडायचे होते. ३९ मधून सहा आकडे निवडण्याचे प्रकार होतात ३२ लाख ६२ हजार ६२३, म्हणजे एका तिकिटाला पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता साधारण साडेबत्तीस लाखांत एक. दुसऱ्या वेळी खेळ ४२ आकड्यांचा होता. तिथे प्रकार होतात ५२ लाख ४५ हजार ७८६. या दोन संख्यांचा गुणाकार केला की १७ लाख ११ हजार कोटींच्या आसपास उत्तर येतं. बातमीतला आकडा तो हाच.

आता हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे, ते नीट पाहा. समजा सोडतीच्या आधीच तुम्ही एका माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलंत. त्याने ऑक्टोबरच्या त्या एका सोडतीचं एकच तिकीट घेतलं आणि फेब्रुवारीच्या त्या एका सोडतीचं एकच. बाकी आयुष्यात एकही तिकीट नाही. अशा माणसाची दोन्ही तिकिटं लागण्याची शक्यता १७ लाख कोटींत एक. पण ऑक्टोबरच्या आधी त्या बाईंचं नाव कुणीच पाकिटात ठेवलेलं नव्हतं. नाव आपल्याला कळलं ते दुसरं बक्षीस लागल्यावर. सगळी गोम इथे आहे: नाव आधी ठरलं की नंतर?

नाव नंतर ठरत असेल, तर गुणाकारातला पहिला भाग आपोआप गळतो. पहिलं बक्षीस कुणाला तरी लागणारच असतं. एखाद्या सोडतीत नाही लागलं, तर रक्कम पुढच्या सोडतीत जाते आणि तेव्हा कुणाला तरी लागतं. ‘कुणीतरी जिंकलं’ यात साडेबत्तीस लाखांत एक असं काहीच नाही. ती दर महिन्याला घडणारी गोष्ट आहे. मग उरतो तो एवढाच प्रश्न: आजवर जिंकलेल्या लोकांपैकी कुणीतरी पुन्हा जिंकेल का?

याचा हिशेब करायला काही गोष्टी गृहीत धरू. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्या नोंदीतून घेतलेले नाहीत. समजा संपूर्ण अमेरिकेत वर्षाला २०० जणांना पहिलं बक्षीस लागतं. जिंकलेली माणसं खेळणं सोडत नाहीत, आणि आता हाताशी पैसा असल्यामुळे आठवड्याला दहा तिकिटं घेतात. म्हणजे वर्षाला ५२० तिकिटं. प्रत्येक तिकिटाची शक्यता ५२ लाखांत एक धरली, तर एका जुन्या विजेत्याला एका वर्षात पुन्हा पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता होते जवळजवळ दहा हजारांत एक.

१७ लाख कोटींवरून आपण एकदम दहा हजारांवर उतरलो. दोनच साध्या गोष्टींमुळे हे झालं. पहिला विजय हिशेबातून काढला, आणि माणूस एकच तिकीट घेऊन थांबत नाही, हे मान्य केलं.

दहा हजारांत एक ही शक्यतासुद्धा एका माणसासाठी फार लहान आहे. जुना विजेता माझ्या शेजारी राहत असेल, तर त्याला यंदा पुन्हा बक्षीस लागेल यावर मी दमडी लावणार नाही. पण विजेते साठत जातात. पहिल्या वर्षाचे २००, दुसऱ्या वर्षाचे आणखी २००, आणि जुने कुठे जात नाहीत. पाच वर्षांनी देशात १,००० जुने विजेते असतात, दर आठवड्याला दहा-दहा तिकिटं घेणारे.

हे मोजायला ‘विजेता-वर्ष’ असं एक माप घेऊ: एक जुना विजेता एक वर्ष खेळला की एक विजेता-वर्ष. पहिल्या वर्षी २०० जण जिंकले, पण ते वर्षभरात विखरून जिंकले, म्हणून त्यांना त्या वर्षात पुन्हा खेळायला सरासरी सहाच महिने मिळाले. झाली १०० विजेता-वर्षं. दुसऱ्या वर्षी आधीचे २०० जण पूर्ण वर्ष खेळतात आणि नवे २०० जण सरासरी सहा महिने, म्हणजे आणखी ३००. दोन वर्षांची एकूण बेरीज ४००. तिसऱ्या वर्षी ५०० ची भर, एकूण ९००. असं करत सात वर्षांत ४,९०० आणि दहा वर्षांत १०,०००.

इथे जरा थांबा. काळ दुप्पट झाला की ही बेरीज चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. कारण दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात: विजेत्यांची संख्याही आणि त्यांना मिळालेला वेळही. म्हणून अशा घटना लॉटरी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं दिसतच नाहीत आणि मग भराभर दिसायला लागतात. लोकांना वाटतं, इतकी वर्षं असं झालं नाही, आताच कसं होतंय? खेळ तोच असतो. वाढलेला असतो तो जुन्या विजेत्यांचा जमाव.

तर दहा वर्षांत दहा हजार विजेता-वर्षं, आणि प्रत्येकात शक्यता दहा हजारांत एक. म्हणजे दुहेरी विजेता नक्की मिळणार का? नाही, आणि इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. घरी लुडोचे दोन फासे असतील तर करून बघा. दोन्ही फाशांवर एकदम सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये एक. म्हणून ३६ वेळा फासे टाकले की दोन सहा पडलेच पाहिजेत असं वाटतं. ते पडत नाहीत असंही बरेचदा होतं, आणि कधीकधी दोन-तीनदा पडतात. एकदा फासे टाकल्यावर दोन सहा न पडण्याची शक्यता ३६ मध्ये ३५. हा अपूर्णांक स्वतःशी ३६ वेळा गुणला की उत्तर येतं सुमारे ३६ टक्के. तेवढ्या वेळा ३६ पैकी एकदाही दोन सहा दिसणार नाहीत. उरलेल्या ६४ टक्के वेळा निदान एकदा दिसतील.

शक्यता दहा हजारांत एक असो नाहीतर एक कोटीत एक, संधीही तितक्याच मिळाल्या, तर हेच उत्तर पुन्हा पुन्हा येतं. सुमारे ३७ टक्के वेळा काहीच नाही, ६३ टक्के वेळा निदान एकदा. म्हणून आपल्या हिशेबात दहा वर्षांत कुठेतरी दुहेरी विजेता सापडण्याची शक्यता ६३ टक्के. घटना किती दुर्मीळ आहे, हा प्रश्न एकट्याने विचारून भागत नाही. तिला किती संधी मिळाल्या, हेही सोबत विचारावं लागतं. दुर्मीळपणा आणि संधी जिथे तोलाला येतात, तिथे ती घटना होण्याकडेच पारडं झुकतं.

सात वर्षांचं काय? ४,९०० विजेता-वर्षांत शक्यता येते साधारण ३८ टक्के. तिकिटं आठवड्याला दहाऐवजी वीस धरली तर ६२ टक्के. गृहीतक थोडं बदललं की उत्तर इतकं हलतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कसंही हलवलं, तरी ते टक्क्यांच्या घरातच राहतं, लाख कोटींच्या घरात जात नाही.

हा हिशेब खऱ्या अर्थाने केला तो पर्ड्यू विद्यापीठातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी, स्टीफन सॅम्युएल्स आणि जॉर्ज मॅकेब यांनी. अमेरिकेतल्या तेव्हाच्या लॉटऱ्या धरून त्यांचं उत्तर असं आलं की सात वर्षांच्या काळात देशात कुठेतरी कुणीतरी दोनदा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. त्या बाईंच्या दोन बक्षिसांमध्ये जेमतेम चार महिने होते. तेवढ्या चार महिन्यांच्या काळातही, देशात कुठेतरी दुहेरी विजेता निघण्याची शक्यता त्यांना तीसात एकापेक्षा जास्त आढळली. आपल्या कच्च्या हिशेबाशी हे ताडून पाहता येतं: १,००० जुने विजेते, वर्षाचा तिसरा हिस्सा, प्रत्येकाची शक्यता दहा हजारांत एक. ३३३ भागिले १०,०००, म्हणजे तीसात एक. आकडे इतके चपखल जुळण्याचं काही कारण नाही, मी ते गोल करूनच घेतले होते. पण उत्तर कोणत्या घरात आहे, ते यातून दिसतं.

पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मोस्टेलर या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये योगायोगांवर एक लेख लिहिला, त्यात हेच उदाहरण घेतलं आहे. त्यांनी या तत्त्वाला नाव दिलं ‘खरोखर मोठ्या संख्यांचा नियम’. म्हणजे नमुना पुरेसा मोठा असेल, तर कितीही अचाट गोष्ट त्यात घडू शकते.

नाव नंतर ठरतं, तसंच पुष्कळदा घटनेचा प्रकारही नंतरच ठरतो. बल्गेरियातली गोष्ट घ्या. तिथेही ४२ मधून सहा आकडे काढायची लॉटरी होती. ६ सप्टेंबर २००९ च्या सोडतीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले. चार दिवसांनी, लगेचच्या पुढच्या सोडतीत, हेच सहा आकडे वेगळ्या क्रमाने पुन्हा निघाले. पहिल्या वेळी एकालाही बक्षीस लागलं नव्हतं, दुसऱ्या वेळी अठरा जणांना लागलं. सरकारने चौकशी लावली, गैरप्रकार सापडला नाही.

एका ठरावीक सोडतीत आधीच्याच सोडतीचे आकडे येण्याची शक्यता ५२ लाख ४५ हजार ७८६ मध्ये एक, आणि ती खरोखर लहान आहे. पण जगात अशा कितीतरी लॉटऱ्या आहेत, अनेकांत आठवड्याला दोनदा सोडत होते, आणि हे दशकानुदशकं चाललं आहे. शिवाय लागोपाठ दोन सोडती जुळल्या म्हणून ही बातमी झाली. एका आड एक जुळल्या असत्या, किंवा वर्षापूर्वीच्या त्याच तारखेशी जुळल्या असत्या, तरी बातमी झालीच असती. ‘लागोपाठ’ ही अट काढून टाका. मग ४२ मधून सहाच्या खेळात कुठल्याही दोन सोडती एकमेकींशी जुळण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे २,७०० सोडती पुरतात. आठवड्याला दोन धरल्या तर सव्वीस वर्षं. एवढ्या कमी का? तर जुळायचं असतं जोडीला, आणि २,७०० सोडतींच्या जोड्या होतात ३६ लाखांहून जास्त. विजेता-वर्षांची बेरीज चौपटीने वाढत होती, ती याच कारणाने.

आणि ते अठरा जण? ज्यांना आकडे आधी फुटले, ते हेच, असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या सोडतीचे आकडे जसेच्या तसे पुढच्या वेळी लावणारी माणसं सगळीकडे असतात. ते आकडे एकदा वर्तमानपत्रात छापून आले की लावणारे आपोआप वाढतात. पहिल्या वेळी शून्य आणि दुसऱ्या वेळी अठरा, हा फरक तिथून येऊ शकतो.

आतापर्यंतचं वाचून कुणी असं म्हणेल की मग काहीही घडलं तरी ‘योगायोग’ म्हणून सोडून द्यायचं का? अजिबात नाही, आणि मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जो हिशेब योगायोगाला निर्दोष ठरवतो, तोच हिशेब चोरीही पकडतो.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात एका वृद्ध ग्राहकाने तक्रार केली होती की आपलं अडीच लाख डॉलरचं तिकीट दुकानात तपासायला दिलं, आणि दुकानातल्यांनी ते लाटलं. एक तक्रार, एक प्रकरण. यावरून साऱ्या दुकानदारांबद्दल काही म्हणता येत नाही. पण या प्रकरणातून एक नेमका प्रश्न निघाला: लॉटरीची तिकिटं विकणारी माणसं स्वतः प्रमाणापेक्षा जास्त जिंकतात का? २००६ मध्ये कॅनडाच्या सरकारी वाहिनीने, सीबीसीने, हा प्रश्न टोरांटो विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेन्थाल यांच्याकडे नेला.

या प्रश्नात नाव आधी ठरलं आहे, हे लक्षात घ्या. ‘तिकीट विक्रेते’ हा गट यादी बघून मागाहून निवडलेला नाही. चोरी करायची असेल तर ती यांनाच शक्य आहे, म्हणून तो निवडलेला आहे. आता दुसरी गोष्ट हवी: चोरी नसती तर या गटाला किती बक्षिसं मिळायला हवी होती? त्यासाठी विक्रेते आणि त्यांचे नोकर किती आहेत ते धरावं लागतं. शिवाय ते सामान्य माणसापेक्षा जास्त तिकिटं घेत असतील, ही सवलतही द्यावी लागते. १९९९ ते २००६ या काळात ५० हजार डॉलर किंवा त्याहून मोठी ५,७१३ बक्षिसं वाटली गेली होती. त्यांतली साधारण ५७ विक्रेत्यांच्या वाट्याला यावीत, असा अंदाज निघाला. प्रत्यक्षात आली होती सुमारे २००.

५७ च्या जागी ६५ आली असती तर? काहीच बोलता आलं नसतं. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने किती चढउतार होतो, ते अंदाजाच्या वर्गमुळावरून कळतं. ५७ चं वर्गमूळ साडेसात. म्हणजे पन्नास ते पासष्टच्या दरम्यानचा आकडा नेहमीचाच, सत्तरपर्यंतही भुवया उंचावायला नकोत. ऐंशी आले तर चौकशी करावी. २०० म्हणजे अंदाजापेक्षा १४३ ने जास्त, साडेसातच्या एकोणीस पटींहून अधिक. एवढा फरक योगायोगाने पडायला लॉटऱ्या कितीही असल्या, वर्षं कितीही घेतली, तरी पुरणार नाहीत. न्यू जर्सीत संधी मोजल्यावर दुर्मीळपणा विरघळला होता. इथे सगळ्या संधी आणि सगळ्या सवलती देऊनही तो तसाच उभा राहिला.

अर्थात हिशेबात एक कच्चा दुवा असतो, आणि लॉटरी चालवणाऱ्यांनी नेमका तोच धरला: विक्रेते खरंच किती तिकिटं घेतात? ते सामान्य माणसाच्या दीडपट घेत असतील, दुपटीने घेत असतील. पण ५७ चे २०० व्हायला त्यांनी आधीच धरलेल्या वाढीव खरेदीच्याही साडेतीनपट तिकिटं घ्यायला हवीत. एखादा दुकानदार घेतही असेल, पण प्रांतभरातले सगळेच सरासरीने तेवढी घेतात, हे पटण्यासारखं नव्हतं. मार्च २००७ मध्ये ऑन्टारिओचे लोकपाल आंद्रे मारिन यांचा अहवाल आला, आणि त्यात लॉटरी महामंडळाने तक्रारींकडे कसं दुर्लक्ष केलं होतं ते बाहेर आलं. त्यानंतर तिकिटावर घेणाऱ्याने आधी सही करण्याची पद्धत आली. ग्राहकाला स्वतःच तिकीट तपासता येईल अशी यंत्रंही दुकानांत बसली.

या हिशेबाची एक मर्यादा मात्र शेवटपर्यंत राहते. दोनशे विजेत्या विक्रेत्यांमध्ये पन्नास-साठ जण अगदी प्रामाणिकपणे जिंकलेले असणार, हे संख्याशास्त्र ठामपणे सांगतं. ते पन्नास-साठ कोण, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी एकेक तिकीट कधी, कुठे विकलं गेलं, कुणी तपासायला दिलं, आधीच्या सोडतींत तेच आकडे कुणी लावले होते, हे पोलिसांनाच खणून काढावं लागतं.